अलोहा आणि ओहाना : 'नमस्कार' आणि 'कुटुंब' यांच्या पलीकडे काय आहे?

मृण्मयी

नमस्कार मंडळी. माझ्या नणंदेचं नाशिकला घर बांधून होत आलंय आणि फाटकावरच्या पाटीसाठी तिने 'ओहाना' हे हवाईयन भाषेतलं नाव जवळजवळ पक्कं केलंय. कारण उघड आहे. तिच्या मुलींना 2002 सालचा तो निळ्या प्राण्याचा ॲनिमेशनपट तोंडपाठ आहे, आणि ओहाना म्हणजे कुटुंब, कुटुंबात कुणाला मागे टाकत नाहीत, हे त्यातलं वाक्य घरात सतत चालू असतं. सासऱ्यांनी मात्र विचारलं, "दगडात कोरायचं नाव आहे, त्याचा अर्थ कुणाला नीट विचारलात का?" प्रश्न बरोबर वाटला, म्हणून शोधायला बसले.

जिथे तिथे दोन गोष्टी सापडल्या. तिथला नमस्काराचा शब्द अलोहा म्हणजे 'अलो' (समोरासमोर) अधिक 'हा' (श्वास), म्हणजे एकमेकांसमोर श्वास वाटून घेणं. आणि ओहाना हा शब्द म्हणे एका कंदावरून आला आहे. पहिली गोष्ट फारच सुबक वाटते, दुसरी विचित्र. यातलं खरं काय? तिकडे राहणारं कुणी आहे का इथे?

पश्या

हवाईला मे महिन्यात जावं की ऑक्टोबरमध्ये? चौघांचा खर्च साधारण किती येईल? आणि ज्वालामुखी जवळून बघता येतो का?

कोकणी_माणूस

पश्या, धागा शब्दांचा आहे रे, सहलीचा नाही. 😀

किनारपट्टी

मृण्मयी, मी मूळची दापोलीकडची. लग्नानंतर ओआहू बेटाच्या वाऱ्याकडच्या, म्हणजे भरपूर पाऊस पडणाऱ्या बाजूला राहते. शनिवारी सवड मिळाली की एका शेजारणीच्या शेतात राबायला जाते, त्यामुळे कंदाबद्दल हाताने केलेलं सांगू शकते.

तो कंद म्हणजे आपला अळू. वनस्पती तीच. तिथे त्याला कालो म्हणतात. आपण अळू मोरीच्या नाहीतर विहिरीच्या सांडपाण्यावर वाढवतो आणि पानं खातो. त्यांचं मुख्य अन्न कंद आहे, म्हणून ते बांध घातलेल्या खाचरात लावतात. ते खाचर म्हणजे लोई. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पाटाने आणून एका लोईतून खालच्या लोईत उतरवतात आणि शेवटी परत ओढ्यात सोडतात. पाणी वाहतं आणि गार राहावं लागतं. साचून तापलं की कंद आतून कुजतो. वरची पानं बरेच दिवस हिरवी दिसतात, म्हणून लक्षात येत नाही. उपटायला जावं तर खालचा भाग मऊ होऊन हातात येतो आणि घाण वास सुटतो.

जात आणि जागा बघून नऊ ते पंधरा महिन्यांनी काढणी. गुडघाभर चिखलात उभं राहायचं, पायाच्या बोटांनी कंदाभोवतीची मुळं चाचपून सैल करायची आणि मग दोन्ही हातांनी हलवत उपटायचं. वर येतो तो सगळा झुबका असतो. मधला मोठा कंद आणि त्याला चिकटलेली लहान लहान पिलं. मोठ्याला मकुआ म्हणतात. हाच शब्द माणसांत आईबापांसाठी आहे. पिलांना म्हणतात ओहा. त्या ओहाला 'ना' प्रत्यय लागून ओहाना झाला, असं तिथले जाणते सांगतात. एका कंदापासून फुटलेले ते सगळे.

पुढचं काम मला सगळ्यात आवडतं. सुरीने कंद कापताना देठाला कंदाची पातळ चकती राहू द्यायची, बोटभरही नाही. पानं छाटून टाकायची. हातात उरतो साधारण वीतभर देठ आणि खाली ती चकती. त्याला हुली म्हणतात. ती हुली लगेच त्याच चिखलात खोचायची. बी पेरतच नाहीत. म्हणजे कंद शिजून पानात आला तरी रोप मेलेलं नसतं, तेच पुढच्या वर्षी उभं असतं. आज लोईत दिसणारी जात आजीच्या आजीने लावलेल्या रोपाचाच तुकडा असू शकते.

कोकणी_माणूस

वा! आमच्याकडे अळकुड्या काढताना मधल्या गड्ड्याला चिकटलेली पिलं दर पावसाळ्यात बघतो, पण त्यातून नात्याचा शब्द निघेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. खाजतो का तो तिकडचा अळू?

किनारपट्टी

खाजतो हो! कच्चा राहिला तर घसा धरतो. कंद तासन्‌तास शिजवतात, मग दगडी वरवंट्याने लाकडी पाटावर कुटून पाणी घालत पोई करतात. आपण चिंच-कोकम घालतो तसं काही नाही, सगळा भरवसा शिजवण्यावर.

प्राणायामी

अलोहाबद्दल मी सांगतो, मी योग शिकवतो आणि या विषयावर बरंच वाचलंय. 'हा' म्हणजे श्वास, हे हवाईयन भाषेत नक्की आहे. त्यांची जुनी भेटण्याची पद्धत म्हणजे कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावून एकत्र श्वास घेणं. तिला होनी म्हणतात. म्हणून अलोहा म्हणजे समोरच्यात आपला प्राण मिसळणं. गोरे लोक आले, ते हात पुढे करायचे, श्वास द्यायचे नाहीत, म्हणून त्यांना 'हाओले' म्हणजे श्वास नसलेले म्हणू लागले. शिवाय अलोहाच्या पाच रोमन अक्षरांत पाच गुण दडलेले आहेत: अकाहाई म्हणजे मृदुपणा, लोकाही म्हणजे एकोपा, ओलुओलु म्हणजे गोडवा, हाआहाआ म्हणजे नम्रता, अहोनुई म्हणजे धीर. पूर्वजांनी एका शब्दात सगळं तत्त्वज्ञान भरून ठेवलंय.

नाना

मला तर 'आलोक' वरून आल्यासारखा वाटतो. प्रकाश. आपले लोक समुद्रमार्गे कुठवर गेले होते कुणास ठाऊक.

शब्दवेडा

नाना, हवाईयन ही पॉलिनेशियन भाषा. तिचं मूळ मागे मागे नेत गेलं की आग्नेय आशिया आणि तैवानकडे पोचतं. संस्कृतशी तिचं नातं नाही. 'आलोक' आणि 'अलोहा' यांचा आवाज जुळला, एवढंच.

प्राणायामी, होनीचं तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, आणि 'हा' म्हणजे श्वास हेही खरं. पण अलोहा हा शब्द त्या दोन तुकड्यांतून जुळवलेला नाही. तो एकट्या हवाईचा नाहीच. न्यूझीलंडच्या माओरीत तो 'अरोहा' आहे, सामोआत 'अलोफा', टोंगात 'ओफा'. या बेटांवरचे लोक एकमेकांपासून दूर जाण्याआधीच हा शब्द त्यांच्या तोंडी होता. सामोआतला फ हवाईयनमध्ये ह होतो, हा नेम शेकडो शब्दांत दिसतो. त्यामुळे मूळ शब्दात फ होता आणि तो अखंड होता. शिवाय श्वास या अर्थाच्या 'हा' मधला स्वर दीर्घ आहे, आणि अलोहाच्या शेवटी ऱ्हस्व. हवाईयनमध्ये स्वर लांबला की शब्दच बदलतो. 'हाओले'चं तसंच. श्वास नसलेला असं म्हणायचं तर दीर्घ 'हा' आणि मग 'ओले'च्या आधी घशात आवाज अडवावा लागेल. 'हाओले' शब्दात दोन्ही नाही.

पाच अक्षरांची फोड पूर्वजांची नव्हे. पिलाही पाकी नावाच्या विदुषीने ती 1970 च्या एका परिषदेत मांडली. पुढे 1986 मध्ये राज्याने तिचाच आधार घेऊन अलोहा भावनेचा कायदा केला. अक्षरात गुण बसवायचे म्हणजे आधी शब्द लिहिला जायला हवा, आणि हवाईयन लिहिली जाऊ लागली ती 1820 च्या दशकात, मिशनऱ्यांनी छापखाना आणल्यावर.

आणि माओरीत आजही 'अरोहा'मध्ये प्रेमाइतकीच कणव आहे. कुणाचं वाईट झालं की त्याच्यासाठी पोटात तुटतं ना, ते. हवाईयनमध्येही अलोहात प्रेम, दया, शोक सगळं येतं. जुन्या हवाईयन वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांत हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. निव्वळ 'हॅलो' म्हणून तो पोस्टकार्डांनी वापरला.

प्राणायामी

व्युत्पत्ती तुमची मान्य करू या. पण मी ज्या हवाईयन शिक्षिकेचं व्याख्यान ऐकलं, तिने स्वतः अलो आणि हा अशीच फोड सांगितली होती. त्या भाषेची मुलगी सांगतेय म्हटल्यावर तिला खोडून काढणारे आपण कोण?

किनारपट्टी

दोघंही आपापल्या जागी ठीक बोलताय असं मला वाटतं. इथल्या कितीतरी आज्या ही फोड सांगतात आणि तशाच वागतात. दारात आलेल्या माणसाला जवळ घेऊन नाकाला नाक लावतात, तेव्हा शेजारी उभ्या कुणालाही भाषाशास्त्र आठवत नाही. शब्द कुठून आला हा एक प्रश्न, लोक त्याला आज काय मानतात हा दुसरा.

दुर्बीण

शब्दवेडा, एक शंका. ऱ्हस्व-दीर्घाचा हाच नियम ओहानाला लावला तर? मी शब्दकोश उघडून पाहिला. कंदाच्या पिलाचा 'ओहा' शेवटी दीर्घ दाखवलाय आणि 'ओहाना'मधला तोच स्वर ऱ्हस्व. मग तीही फोड लोकांची लाडकी म्हणून टिकली असेल काय?

शब्दवेडा

चांगलं पकडलंत. प्रत्यय लागल्यावर स्वर आखूड झाला असं म्हणणारे आहेत, आणि कंदाची फोड देणाऱ्यांत मेरी कावेना पुकुई आहेत. हवाईयन-इंग्रजी शब्दकोश ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या. त्या स्वतः काऊ भागातल्या आजीकडे वाढल्या, म्हणून त्यांचा शब्द हलक्याने घेता येत नाही.

पण दुसराही एक उमेदवार आहे. माओरीत 'कोहांगा' म्हणजे घरटं. माओरीतला क हवाईयनमध्ये नुसता घशातला अडथळा होतो आणि 'ङ'चा 'न' होतो. या हिशेबाने कोहांगाचं हवाईयन रूप ओहानाच्या अगदी जवळ येतं. तिथेही एका स्वराची लांबी जुळत नाहीच, यावेळी पहिल्या. घरटं की कंद, मी स्वतः ठामपणे सांगणार नाही.

मृण्मयी

घरटं! हे कुठेच वाचलं नव्हतं. म्हणजे सासऱ्यांना आता दोन अर्थ सांगायचे.

जुईली

मला या शब्दाचा राग आहे, आधीच सांगते. मी ज्या कंपनीत होते तिथे कर्मचाऱ्यांना 'आमचं ओहाना' म्हणायचे. सणाला हवाई छापाचे शर्ट वाटले होते. एका सकाळी लॅपटॉप सुरूच होईना, आणि दुपारपर्यंत कळलं की आमची अख्खी टीम गेली. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतले होते. निरोपाच्या पत्रातही तोच शब्द होता. नोकरीत हिशेब असतो, हे मला मान्य आहे. पण मग कुणाच्या नात्याचा शब्द उसना कशाला घ्यायचा? मृण्मयी, नणंदेच्या घराबद्दल मला काही म्हणायचं नाही हं.

किनारपट्टी

जुईली, वाईट वाटलं वाचून. इथे हवाईतही हा वापर लोकांना बोचतो, त्याचं कारण सांगते.

जुन्या काळी जमिनीचे पट्टे डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत असत. एकाच ओहानातली काही घरं वर ओढ्याकाठी कालो पिकवायची, काही खाली किनाऱ्यावर मासे धरायची. वरचे खाली आले की कालो घेऊन यायचे, जाताना मासे न्यायचे. त्याचा भाव ठरलेला नसे. कुणाकडे काही नसेल तरी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नसत. पण खाऊन नुसतं बसून राहणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचा. पाट साफ करायला हात लावला नाही तर पाण्यावर हक्क उरायचा नाही. ओहानात घेणं-देणं दोन्ही बाजूंनी चालतं.

भाषेतही ते दिसतं. मकुआकाने म्हणजे वडील, आणि काकाही, मामाही. मकुआहिने म्हणजे आई, मावशी, आत्या. आपल्याकडे नात्यानात्याला वेगळा शब्द आहे, त्यांच्याकडे वरच्या पिढीतले सगळेच मकुआ. माझ्या शेजारणीचा मुलगा पाच-सहा बायांना आईच्या शब्दाने हाक मारतो आणि त्या सगळ्या त्याला रागावतात.

विद्याधर_सांगली

हे वाचून लिहावंसं वाटलं. मी आजोळी वाढलो. आईवडील होते, सुस्थितीत होते, पण धाकट्या मामांना मूल नव्हतं म्हणून मला तिकडे ठेवलं. रीतसर दत्तक नव्हे. शाळेत बापाचं नाव एक, घरी बाबा म्हणायचं दुसऱ्यांना. मोठेपणी कागदपत्रांच्या वेळी त्रास झाला तो झालाच, त्याहून जास्त लोकांच्या "अरेरे" चा झाला. हवाईत अशी मुलं वाढवायची रीत आहे असं कुठेतरी वाचलं होतं. कुणाला माहिती आहे का?

किनारपट्टी

आहे, आणि तिथे त्यात "अरेरे" नव्हतं. तिला हानाई म्हणतात. पहिला मुलगा असेल तर वडिलांच्या आईबापांचा त्याच्यावर हक्क, पहिली मुलगी असेल तर आईच्या आईबापांचा. नातवंड मागितलं तर नाही म्हणणं जड जायचं. आजीआजोबांकडे वाढलेल्या मुलाला घराण्याच्या कथा, मंत्र, औषधं शिकवली जायची, म्हणून उलट त्याचा मान मोठा. शब्दवेडांनी सांगितलेल्या पुकुई अशाच वाढल्या.

सगळ्यात ठळक उदाहरण राणी लिलिउओकलानीचं. 1838 मध्ये जन्मल्याबरोबर तिला पाकी आणि कोनिया या जोडप्याकडे दिलं गेलं. जन्मदाते जिवंत होते, मोठे सरदार होते. तिने आत्मचरित्रात सरळ लिहिलंय की पाकी-कोनियाखेरीज दुसरे आईबाप तिला माहीत नव्हते, आणि जन्मदाते भेटले की परक्या माणसांशी वागावं तशी ती वागायची. हानाई बहीण बर्नीस पौआही हीच तिची बहीण. यात तिची तक्रार नाही. दोन घरं एकमेकांना बांधण्याची ती पद्धत होती.

जन्मदाते कोण हे लपवत नसत. मुलाला दोन्हीकडची वंशावळ पाठ असायची. अमेरिकी कायदा आल्यावर मात्र तुमच्यासारखाच कागदांचा घोळ सुरू झाला, वारसाहक्काचे खटले झाले.

विद्याधर_सांगली

धन्यवाद ताई. हे मामींना वाचून दाखवतो. त्या आता थकल्यात, पण ऐकायला आवडेल त्यांना.

दुर्बीण

मग सिनेमातलं 'कुणाला मागे टाकत नाहीत' हे खरं म्हणायचं तर.

किनारपट्टी

पूर्ण खरं नाही. भांडण विकोपाला गेलं तर होओपोनोपोनो करायचे. ती आता इंटरनेटवर चार वाक्यांचा जप म्हणून विकली जाते, पण मुळात ती घरच्यांची बैठक. घरातलं वडीलधारं माणूस मध्ये बसणार, प्रार्थना होणार, मग एकेक गाठ सोडवत जाणार. बोलायचं ते त्या थोरल्या माणसाकडे बघून, एकमेकांवर ओरडायचं नाही. तापलं की सगळ्यांनी गप्प बसायचं. शेवटी ज्याने दुखावलं त्याने कबूल करायचं, दुसऱ्याने सोडून द्यायचं आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं. कधी कधी हे दिवसच्या दिवस चालायचं.

एवढं करूनही एखादा ऐकला नाही तर नाळ कापली असं जाहीर करायचे. त्यानंतर तो त्या ओहानाचा उरत नसे. क्वचित व्हायचं, सगळे घाबरून असायचे, पण व्हायचं.

आकाशगंगा

माझा संबंध वेगळ्या बाजूने आहे. मी पुण्यात खगोलशास्त्राशी संबंधित काम करतो. हवाईतल्या मौना केआ या डोंगरावर जी तीस मीटरची दुर्बीण उभारायची ठरली होती त्यात भारत भागीदार आहे, आणि पुण्याची आयुका त्यातल्या संस्थांपैकी एक. 2019 च्या जुलैत बांधकाम सुरू व्हायचं होतं तेव्हा त्या डोंगराला पवित्र मानणारे मूळ हवाईयन लोक विरोध म्हणून रस्त्यावर बसले. पोलिसांनी अटक केली ती तीसहून अधिक म्हाताऱ्या माणसांना. ती आपण होऊन सगळ्यात पुढे बसली होती आणि तरुणांना मागे राहायला सांगितलं होतं. तळावर 'कापु अलोहा' नावाचा नियम होता. शिवी नाही, दारू नाही, पोलिसालाही अपशब्द नाही. अलोहा हा शब्द मला तिथे पहिल्यांदा गंभीरपणे भेटला.

तरीही मी त्या दुर्बिणीच्या बाजूचा आहे. त्या शिखरावर हवा इतकी कोरडी आणि स्थिर असते की तशी जागा उत्तर गोलार्धात शोधून सापडत नाही. यातून वाट कशी काढायची, मला अजून सुचलेलं नाही.

किनारपट्टी

तुमचा प्रामाणिकपणा आवडला. मी दुसऱ्या बाजूची, पण भांडत नाही.

तुम्ही पाहिलंत त्यामागे 'अलोहा आइना' आहे. आइना म्हणजे जमीन, आणि 'आइ' म्हणजे खाणं, म्हणून जी खाऊ घालते ती आइना असं इथे सांगतात. (शब्दवेडा, हेही तपासा!) 1893 च्या जानेवारीत अमेरिकी व्यापाऱ्यांच्या गटाने राणीला पदच्युत केलं, त्यांच्या पाठीशी अमेरिकी नौसैनिक उतरले होते. त्यानंतर जी संघटना उभी राहिली तिचं नाव हुई अलोहा आइना. 1897 मध्ये विलीनीकरणाचा करार अमेरिकी सिनेटपुढे आला तेव्हा या लोकांनी बेटाबेटावर, खेड्याखेड्यात फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या. बायकांची शाखा वेगळी, त्यांचे कागद वेगळे. 21,000 हून जास्त सह्या झाल्या, आणि तेव्हा मूळ हवाईयन लोकसंख्या सारी चाळीस हजारांच्या आसपास होती. चार प्रतिनिधी ते कागद घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि त्या खेपेला करार पडला. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध पेटलं, दोन तृतीयांश मतांची अट टाळून साध्या ठरावाने हवाई घेतलं गेलं.

ते कागद विस्मरणात गेले होते. 1990 च्या दशकात नोएनोए सिल्वा या अभ्यासिकेला अभिलेखागारात सापडले. आता इथे लोक त्या यादीत आपल्या पणजीची सही शोधतात. माझ्या शेजारणीने मला तिची दाखवली. ती त्या पानावर बोट टेकवून कितीतरी वेळ उभी होती. तिच्यासाठी अलोहा म्हणजे ती सही.

नाना

हे शाळेत कुणी शिकवलं नाही आम्हाला. आम्ही हवाई म्हटलं की फुलांच्या माळा.

शब्दवेडा

तपासलं. 'आइ' म्हणजे खाणं हे बरोबर, पण 'आइना' हा शब्दही इतर बेटांवर जमीन किंवा वस्ती या अर्थाने सापडतो, माओरीत 'काइंगा'. म्हणजे तोही जुनाच आहे. खाऊ घालण्याशी जोडलेला अर्थ मागाहून आला असावा.

कोकणी_माणूस

किनारपट्टीताई, तुम्ही मघाशी कालोबद्दल सांगितलंत, पण तो माणसांच्या नात्यात नक्की कुठे बसतो? नुसती उपमा आहे का?

किनारपट्टी

उपमा नाही, त्यांच्या दृष्टीने तो थोरला भाऊ आहे. कथा अशी: आकाशदेव वाकेआ आणि होओहोकूकलानी यांना पहिलं मूल झालं ते मृत. घराच्या बाजूला पुरलं. तिथून लांब देठाचं, वाऱ्यावर थरथरणारं पान वर आलं, तोच कालो. दुसरं मूल झालं ते जिवंत, त्याचं नाव हालोआ, त्याच्यापासून हवाईयन माणसं. थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचं, धाकट्याने थोरल्याची निगा राखायची. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही. थोरला भाऊ समोर बसलाय.

यावरून काय घडलं ते सांगते, म्हणजे उपमा नाही हे पटेल. पानं करपवणारा एक रोग कालोची शेतं बसवत होता. हवाई विद्यापीठाने तिथली माउई लेहुआ ही जात पलाऊ बेटांवरच्या एका रोगाला तोंड देणाऱ्या जातीशी संकरित केली आणि 2002 मध्ये तीन नव्या वाणांवर पेटंट घेतलं. शेतकऱ्याने ते लावायचे तर परवाना घ्या, पैसे भरा, हुली दुसऱ्याला देऊ नका. शेतकरी म्हणाले, हुली शेजाऱ्याला देणं हीच आमची रीत आहे, आणि भावाची मालकी कुणाकडे कशी असेल? 2006 मध्ये निदर्शनं झाली आणि विद्यापीठाने तिन्ही पेटंट सोडून दिली.

रोगाचा प्रश्न त्याने सुटला नाही, हे खरं. शास्त्रज्ञांचं काम चांगल्या हेतूचं होतं, आणि त्यांतले काही आजही दुखावलेले आहेत. पण परवान्याची अट ओहानाच्या मुळावर येणारी होती.

जुईली

हे वाचून राग शब्दावरचा उतरला, वापरणाऱ्यांवरचा आहे तिथेच आहे. 2018 मध्ये शिकागोच्या एका उपाहारगृह-साखळीने हवाईयन मालकांच्या दुकानांना 'अलोहा' हा शब्द नावात वापरू नका म्हणून वकिलाच्या नोटिसा धाडल्या होत्या, तेही आठवलं.

मृण्मयी

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळा धागा नणंदेला आणि सासऱ्यांना वाचून दाखवला. सासरे म्हणाले नाव वाईट नाही, पण दुसऱ्यांचं आहे. नणंद म्हणते ठेवायचंच. किनारपट्टी, तिथल्या लोकांना आपण असं नाव घेतलेलं खटकेल का? खरं सांगा.

किनारपट्टी

शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, घरात पाहुणा आला की त्याला जेवल्याशिवाय सोडता का? सोडत नसाल तर ठेवा. तिचा भाऊ तिथेच बसला होता, त्याला पटलं नाही. तो म्हणाला, आमच्या मुलांना घरभाडं परवडत नाही म्हणून ती नेवाडात जाऊन राहतात आणि आमचे शब्द जगभर पाट्यांवर मजेत राहतात. 2020 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त मूळ हवाईयन लोक हवाईबाहेर राहत असल्याचं दिसलं, त्यामुळे त्याचं बोलणं हवेतलं नाही. त्या दोघांचं यावरून जेवणाच्या टेबलावर बराच वेळ चाललं होतं. मी दोन्ही मतं कळवते आहे.

पश्या

ताई, मी सगळा धागा वाचला. आलो तर लोईत काम करू देतात का बाहेरच्यांना? रिसॉर्टपेक्षा ते करायला आवडेल.

किनारपट्टी

काही शेतं ठरावीक शनिवारी सगळ्यांना येऊ देतात, आधी कळवावं लागतं. जुने कपडे आण, आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नकोस. साचलेल्या गोड्या पाण्यातून इथे लेप्टो होतो, आपल्याकडे भातलावणीत होतो तोच. ऑक्टोबरात ये, मे महिन्याबद्दल विचारत होतास ना, तेव्हा तिकिटं महाग असतात.

कोकणी_माणूस

आणि ताई, आपल्या वडीच्या अळूच्या गड्ड्याची पोई होईल का? माझ्याकडे यंदा टोपलीभर निघालेत.

किनारपट्टी

खाण्याच्या अळकुड्या असतील तर करून बघा, निव्वळ पानासाठी लावलेल्या जातीचा गड्डा फार खाजरा असतो, तो नको. आधी एकच शिजवा, सुरी लोण्यात जावी तशी आरपार गेली की बोटभर तुकडा जिभेवर ठेवून थोडं थांबा. चुणचुणलं नाही तरच बाकीचे कुटायला घ्या.